येऊरवरची रेषा, वांगणीवरचं वळण

पृथ्वीगोलावर मुंबई विमानतळ आणि दिल्ली विमानतळ यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो सांताक्रूझ सोडल्यावर विहार आणि तुळशी तलावांच्या कडेने येऊरच्या डोंगरावर चढतो. घोडबंदर रोड आणि पलीकडची खाडी ओलांडतो आणि वाडा, जव्हार, नवापूर, मंदसौर, बुंदी, अलवर यांच्या जवळून जात दिल्लीत पोचतो. लांबी सुमारे १,१३८ किलोमीटर. गोलाच्या पृष्ठभागावरून या दोन ठिकाणांमधलं याहून कमी अंतर असूच शकत नाही. अशा रेषेला महावर्तुळाची रेषा म्हणतात, कारण ती दोन्ही बाजूंना वाढवत नेली तर पृथ्वीचे दोन सारखे अर्धे करणारं वर्तुळ पुरं होतं.

या हिशेबाने दिल्लीला जाणारी-येणारी सगळी विमानं ठाणेकरांच्या डोक्यावरून, येऊरच्या जंगलावरून एका ओळीत जायला हवीत. तसं होत नाही. दिल्लीला निघालेलं विमान बहुतेक वेळा आधी जुहूच्या समुद्राकडे जातं. दिल्लीहून आलेलं विमान कल्याण-डोंबिवलीच्या पूर्वेला, कधी कधी बदलापूरच्याही पलीकडे जाऊन मग विमानतळाकडे तोंड करतं. मोबाइलवर विमानांचा माग दाखवणारं ॲप उघडून गच्चीवर उभं राहिलं, की हे वाकडेपण डोळ्यांनी दिसतं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला, म्हणजे इकाओला, हे वाकडेपण ठाऊक आहे. प्रवासामागे किती कार्बन हवेत जातो हे काढणारी एक पद्धत या संघटनेने ठरवली आहे. तिच्यात सरळ अंतर जसंच्या तसं घेत नाहीत. अंतर ५५० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर त्यात ५० मिळवतात, ५५० ते ५,५०० पर्यंत १०० आणि त्याहून लांबच्या प्रवासात १२५. म्हणजे मुंबई-दिल्लीचे १,१३८ हिशेबापुरते १,२३८ होतात, जवळजवळ ९ टक्के जास्त. लंडनच्या ७,२०० किलोमीटरमध्ये मात्र १२५ म्हणजे २ टक्केही नाहीत. ही बेरीज टक्क्यांत न करता ठोक किलोमीटरमध्ये का केली असेल? कारण वाढीव अंतराचा बराचसा भाग प्रवास किती लांबचा आहे यावर अवलंबून नसतो. तो दोन टोकांना जातो, आणि टोकं छोट्या प्रवासालाही दोन आणि मोठ्यालाही दोनच.

म्हणून सुरुवात आपल्या टोकापासून करू.

मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडून वारा असला, आणि वर्षातला बराच काळ तो तसाच असतो, तर विमानं वाऱ्याकडे तोंड करून पश्चिमेला उडतात आणि उतरतानाही पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करतात. वैमानिकांच्या भाषेत ही ‘रनवे टू-सेव्हन’, म्हणजे होकायंत्रावर २७० अंशांची दिशा. दिल्लीची रेषा उत्तरेपासून फक्त २१ अंश पूर्वेला कललेली. थोडक्यात, जायचंय उत्तरेला आणि धावपट्टी दाखवते पश्चिमेला. दिल्लीच्या सगळ्या धावपट्ट्याही साधारण पूर्व-पश्चिमच आहेत, त्यामुळे तिथेही हेच दुखणं.

आता उतरण्याचा हिशेब करू. मुंबई विमानतळाभोवती ४० नॉटिकल मैलांचं, म्हणजे ७४ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ठाणे, भिवंडी, कल्याण, बदलापूर, कर्जत, शहापूर सगळं त्यात येतं. दिल्लीहून येणारं विमान सरळ रेषेवरून या वर्तुळाच्या काठावर आलं, तर त्याला फक्त ७४ किलोमीटर उरलेले असतात. पण त्या रेषेवरून ते धावपट्टीला आडवं जाईल. उतरण्यासाठी त्याला धावपट्टीच्या पूर्वेकडे वाढवलेल्या रेषेवर यावं लागतं आणि तेही बऱ्यापैकी लांब, कारण तीन अंशांच्या उताराने स्थिरपणे खाली यायचं असतं. ही वाढवलेली रेषा घाटकोपर, ठाण्याची खाडी, कोपरखैरणे-महापे, मलंगगडाच्या दक्षिणेची बाजू असं करत वांगणीपर्यंत जाते. समजा विमानाने ही रेषा धावपट्टीपासून २२ किलोमीटरवर, म्हणजे डोंबिवलीच्या थेट दक्षिणेला पकडली. तिथे तीन अंशांच्या हिशेबाने त्याची उंची साधारण १,१५० मीटर असते. वर्तुळाच्या काठापासून या बिंदूपर्यंत ६९ किलोमीटर आणि तिथून धावपट्टीपर्यंत २२, एकूण ९१. सरळ अंतरापेक्षा १७ किलोमीटर जास्त. यात कुणाचीही चूक नाही, गर्दी नाही, पाऊस नाही. ही निव्वळ भूमिती आहे.

गर्दी असली की नियंत्रक पुढच्या विमानामागे जागा राखण्यासाठी मागच्याला आणखी पूर्वेला नेऊन वळवतो. समजा वळण २२ ऐवजी ४५ किलोमीटरवर, वांगणीच्या माथ्यावर गेलं. आता काठापासून वांगणी सुमारे ७१ आणि पुढे ४५, एकूण ११६. जादा अंतर १७ वरून ४२ किलोमीटरवर गेलं. वर वेगाने जाणाऱ्या विमानाला ४२ किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं. पण इथे विमान खाली आलेलं असतं, वेग निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे सहा मिनिटं जातात आणि दाट हवेत तेलही जास्त जळतं. आकाशातला प्रत्येक किलोमीटर सारख्या किमतीचा नसतो. कल्याणवरचा किलोमीटर मंदसौरवरच्या किलोमीटरपेक्षा महाग पडतो.

निघण्याचंही तसंच. समुद्रावर दहा किलोमीटर जाऊन उजवीकडे वळलं आणि त्याच वर्तुळाच्या काठावर दिल्लीची रेषा पकडली, तर ७४ च्या जागी ८८ किलोमीटर होतात. दक्षिणेच्या बाजूने फिरून यायचं म्हटलं तर तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रावरचं आकाश उड्डाणाला निषिद्ध आहे. आता तर उलव्याचा नवी मुंबई विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. त्याची धावपट्टीही जवळजवळ पूर्व-पश्चिम आणि तिची रेषा सांताक्रूझच्या रेषेच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर. दोन्हीकडे पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांच्या वाटा शेजारी शेजारी धावतात, त्यामुळे एकीकडचं वळण दुसरीकडच्या रांगेत घुसू न देणं हे नियंत्रकांचं रोजचं काम झालं आहे.

वळण लांबवूनही जागा होत नाही तेव्हा विमानाला थांबवावं लागतं. हवेत थांबणं म्हणजे फेऱ्या मारणं, वैमानिकांच्या शब्दांत होल्डिंग. १४,००० फुटांखालच्या साध्या फेरीत एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ आणि पुन्हा एक मिनिट वळण. चार मिनिटांत विमान सुमारे २८ किलोमीटर कापतं आणि निघालं होतं तिथेच परत येतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासात तिच्यावरून ४६ उड्डाणं-उतरणं ठरलेली असायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हा आकडा ४४ वर आणायला लावला आणि कारण देताना हिशेबच मांडला. विमानं शहरावर ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. तासाला सरासरी २,००० किलो इंधन धरलं तर ४० मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर, म्हणजे जवळपास १ लाख ८० हजार रुपयांचं तेल एका विमानामागे जात होतं. तासाला दोन विमानं कमी करण्याइतका साधा उपाय काढायला एवढा काळ का लागला, हा प्रश्न मला तरी पडतो. उत्तर अर्थातच आकाशात नव्हतं, ते मुंबईतल्या स्लॉटच्या किमतीत होतं.

हे झालं टोकांचं. वाड्यापासून अलवरपर्यंतच्या मधल्या भागात विमान सरळ का जात नाही?

जुनं कारण असं, की विमानाला आपण कुठे आहोत हे कळायला जमिनीवरचे रेडिओ दीपस्तंभ लागायचे. मुंबईच्या केंद्राची खूण बीबीबी, दिल्लीची डीपीएन. विमान एका केंद्राकडून पुढच्या केंद्राकडे जायचं आणि केंद्रं जिथे गावं, विमानतळ, वीज आणि रस्ता होता तिथे होती. हवाई मार्ग म्हणजे या केंद्रांना जोडणाऱ्या रेषा. रेषा मोडकी असली तर उड्डाणही मोडकं. आज उपग्रहांमुळे विमानाला जमिनीवरचा खांब लागत नाही. आकाशात कुठेही एक अक्षांश-रेखांश ठरवून त्याला पाच अक्षरी, उच्चारता येईल असं नाव देता येतं आणि त्यावरून मार्ग नेता येतो. तरी मार्ग उरलेच. कारण ते आता वैमानिकाची वाट शोधण्यासाठी नाहीत, नियंत्रकाला गर्दी हाताळता यावी म्हणून आहेत. शंभर विमानं शंभर रेषांवरून निघाली तर ती एकमेकांना कुठेही छेदतील. ठरलेल्या मार्गांवर छेद ठरलेल्या जागी होतात आणि नियंत्रकाला नजर कुठे ठेवायची हे माहीत असतं.

दुसरं कारण सैन्याचं. हवाई दलाच्या तळांभोवती सराव चालतो, कुठे तोफांचा मारा असतो, कुठे क्षेपणास्त्रांची चाचणी. अशा जागा नकाशावर निषिद्ध, निर्बंधित आणि धोक्याचा प्रदेश अशा तीन नावांनी आखलेल्या असतात. १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं, की भारताच्या आकाशापैकी फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील. त्यानंतर सैन्याला गरज नसेल त्या वेळी उघडणारे, सशर्त मार्ग वाढत गेले. रात्री सराव नसला की नियंत्रक वैमानिकाला मधले बिंदू गाळून थेट पुढच्या बिंदूकडे जायला सांगतो. पण इथे एक गोम आहे. इंधन भरताना आराखड्यातला लांबचा मार्गच धरावा लागतो. वाटेत मिळालेल्या सवलतीने अंतर कमी होतं, तरी जादा तेलाचं वजन विमानाने वाहून नेलेलंच असतं, आणि ते वाहायलाही तेल लागतं. म्हणून शेवटच्या क्षणी मिळालेली सवलत आणि आदल्या दिवशी कळलेली सवलत यांत फरक आहे.

आता एक गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सरळ रेषेच्या मधोमध बाजूला सरकून एक कोपरा केला तर किती जास्त अंतर पडतं? साधारण उत्तर असं: बाजूला सरकलेल्या अंतराचा वर्ग करा, दोनने गुणा आणि एकूण लांबीने भागा. मुंबई-दिल्लीच्या वाटेत मध्यावर १०० किलोमीटर बाजूला जावं लागलं तर १,१३८ मध्ये सुमारे १८ किलोमीटरची भर पडते, दीड टक्का. शंभर किलोमीटर म्हणजे एखाद्या लष्करी क्षेत्राला सहज वळसा बसतो, आणि किंमत मात्र धावपट्टीच्या दिशेने खाल्लेल्या १७ किलोमीटरइतकीच. पण सरकणं दुप्पट केलं, २०० किलोमीटर, तर भर ७० वर जाते. दुप्पट नव्हे, चौपट. थोडं वाकणं स्वस्त, फार वाकणं महाग. युरोपात वर सांगितलेलं ४० नॉटिकल मैलांचं वर्तुळ दोन्ही टोकांना वगळून मधल्या भागातलं जादा अंतर मोजतात, तेव्हा प्रत्यक्ष उड्डाणात ते जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास भरतं. याचं कारण हा वर्गाचा नियम.

म्हणून एखादा देश आकाश बंद करतो तेव्हा नेमकं किती बिघडतं, हे एकट्या त्या देशावरून ठरत नाही. शेजारचे किती उघडे आहेत यावरून ठरतं. मुंबई-लंडनचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी या विमानाने गेलेलं असतं.

सपाट नकाशावर मुंबईहून लंडनला जायचं म्हणजे पश्चिमेला जाऊन मग थोडं वर, असं वाटतं. गोलावर बघितलं तर मुंबई सोडताना रेषा चांगलीच वायव्येला, उत्तरेपासून ४१ अंशांवर निघते. सौराष्ट्र, बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, आर्मेनिया-अझरबैजान-जॉर्जिया यांच्या सीमा मिळतात तो भाग, काळा समुद्र, युक्रेनमधल्या खेरसोनचा परिसर, पोलंड-स्लोव्हाकियाची सीमा, जर्मनी आणि मग लंडन. लांबी सुमारे ७,२१० किलोमीटर. गेल्या काही वर्षांच्या बातम्या ज्याने वाचल्या आहेत त्याला ही नावांची यादी पुरे. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने तसंच उत्तर दिलं आणि मग ही बंदी महिन्या-महिन्याने लांबत गेली. म्हणजे सरळ रेषेच्या पहिल्या भागात एक कुलूप आणि शेवटच्या भागात दुसरं.

तरी दोन कुलपांची किंमत पाहा. मुंबईहून अरबी समुद्रावरून मस्कत, तिथून बगदाद आणि तिथून तुर्कस्तानावरून लंडन अशी ढोबळ वाट धरू. तिन्ही तुकड्यांची सरळ अंतरं १,५९०, १,७४० आणि ४,१०५. बेरीज ७,४३५. पाकिस्तान आणि युक्रेन दोन्ही टाळूनही जादा फक्त सव्वादोनशे किलोमीटर, ३ टक्के. वाकणं लांब वाटेवर पसरलं, म्हणून हलकं पडलं.

मग १३ जून २०२५ उजाडला. इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराण-इराक दोघांनीही आकाश बंद केलं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं एआय १२९ सुमारे तीन तास हवेत राहून मुंबईलाच परत आलं. लंडनहून मुंबईला येणारं एआय १३० व्हिएन्नाला उतरवावं लागलं. इराक हातातून गेल्यावर उरलेली वाट दक्षिणेची: मस्कत, रियाध, कैरो, लंडन. तुकडे १,५९०, १,१८५, १,६१० आणि ३,५३०, बेरीज सुमारे ७,९१५. जादा ७०० किलोमीटर, जवळजवळ १० टक्के. पहिल्या दोन बंद आकाशांनी मिळून ३ टक्के घेतले आणि पुढच्या दोघांनी वर आणखी ७. वर्गाचा नियम इथे स्पष्ट दिसतो. अर्थात खरी विमानं या शहरांच्या माथ्यावरून अशी नेमकी जात नाहीत आणि त्या-त्या दिवशीचा वाराही निर्णय बदलतो, पण प्रमाण हेच.

परत येण्याचा निर्णय प्रवाशाला वेडेपणा वाटतो. इतकी वाट आलो, आणखी काही तासांत पोचलो असतो. पण विमानात तेल भरलेलं होतं ते एका विशिष्ट मार्गाचं, थोड्या राखीवासह. बगदादच्या वाटेऐवजी कैरोची धरली की ४८० किलोमीटर वाढतात, म्हणजे निदान अर्ध्या तासाचं जादा तेल हवं. शिवाय दक्षिणेच्या वाटेवर एकाच वेळी सगळ्या जगाची गर्दी, नव्या देशांवरून जायची परवानगी आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा. अशा वेळी घरचा विमानतळ हाच सगळ्यात शहाणा पर्याय ठरतो.

मुंबईकर याबाबतीत नशीबवान, असंही म्हणावं लागेल. समोर अरबी समुद्र उघडा आहे. दिल्लीचं विमान युरोपला निघालं की लगेच पाकिस्तानची सीमा समोर येते. म्हणजे वळसा वाटेच्या अगदी सुरुवातीला, आणि तोही दक्षिणेला गुजरातेपर्यंत खाली येऊन. सुरुवातीलाच एवढं वाकलं की ते पसरायला जागा मिळत नाही. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. त्यात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटींचा तोटा झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. इंडिगोचा तोटा ३१ मेपर्यंत २५ कोटी होता. फरक एवढा का, तर तेव्हा भारतीय कंपन्यांपैकी दिल्लीहून युरोप-अमेरिकेची लांब उड्डाणं बहुतांश एअर इंडियाचीच होती.

हवामानाने पडणारा वळसा याच गणितात बसतो, पण त्याला वेळापत्रक नसतं. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी सह्याद्रीवर उभे राहणारे गडगडाटी ढग विमान जाणूनबुजून भेदून जात नाही. जोरदार ढगापासून २० नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांब राहावं असा संकेत आहे. विमानाच्या नाकातलं रडार पावसाचे थेंब दाखवतं, लाल दिसलं की वैमानिक डावी-उजवी बाजू मागतो. ढगांची रांग असली तर ६० किलोमीटर सरकावं लागतं. हे सरकणं ३०० किलोमीटरच्या तुकड्यात करायचं ठरलं तर जादा २४ किलोमीटर, ६०० च्या तुकड्यात केलं तर १२. म्हणून जाणता वैमानिक लवकर मागतो. पण लवकर मागण्यातही धोका असतो, कारण तासाभरात ढग तिथून हललेलाही असतो.

बाजू मागितली आणि ती बाजूच बंद असेल तर? २१ मे २०२५ रोजी इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटच्या जवळ गारपिटीच्या ढगासमोर आलं. वैमानिकांनी डावीकडे, सीमेच्या बाजूला सरकायची परवानगी मागितली. भारतीय बाजूने ती मिळाली नाही. मग त्यांनी लाहोरला विचारलं, तिथूनही नकार आला. तोपर्यंत मागे फिरायला ढग फार जवळ होता. विमान त्यातून गेलं, नाकाचं कवच फुटलं आणि श्रीनगरला सगळे सुखरूप उतरले. त्या दिवशी काही किलोमीटरचा वळसा मिळाला असता तर कुणी त्याची नोंदही घेतली नसती.

मुंबईत मात्र हवामानाचा मोठा फटका वाटेत बसत नाही, टोकाला बसतो. १३ मे २०२४ रोजी दुपारनंतर धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला, म्हणजे नेमकं विमानं उतरण्याच्या वाटेखाली, महाकाय होर्डिंग कोसळून माणसं दगावली ती याच वादळात. विमानतळाचं काम सुमारे ६६ मिनिटं थांबलं आणि १५ विमानं दुसरीकडे वळवली गेली. ६६ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. पण गर्दीच्या तासाला चाळीसच्या वर उतरणं-उडणं असलेल्या धावपट्टीवर तेवढ्यात पन्नासेक हालचाली अडकतात. आधी सगळे घिरट्या घालतात. ज्याचं तेल पर्यायी विमानतळ गाठण्याइतकंच उरतं, तो पहिला बाहेर पडतो.

अशा वेळी दिल्लीहून आलेल्या विमानाने अहमदाबाद गाठलं, असं धरू. मुंबईच्या दारापर्यंत १,१३८, अहमदाबादपर्यंत ४४४ आणि वादळ सरल्यावर परत ४४४. घिरट्या, वांगणीचं वळण, समुद्रावरचा फेरा हे सगळं सोडूनही २,०२६ किलोमीटर होतात. प्रवासी फक्त दिल्लीहून मुंबईला आलेला असतो. आणि जादा अंतराचा तक्ता प्रत्येक उड्डाण सुटल्या-उतरल्या विमानतळांनुसार मांडत असेल, तर अहमदाबाद-मुंबई हे ४४४ किलोमीटरचं वेगळंच उड्डाण ठरतं. त्या ओळीत वळसा जवळजवळ दिसतच नाही.